मदत हवी आहे: फेस्टच्या बजेटमधली राखीव रक्कम शेवटपर्यंत टिकवायची कशी?

यंदा आमच्या कॉलेज फेस्टचा हिशोब माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी प्रमुख असलेल्या ताईने स्वतः बसवून सगळा हिशोब समजावला. बजेट १०० भाग धरलं, तर हातात आलेले पैसे ६० होते आणि स्पॉन्सर्सनी तोंडी कबूल केलेले ४०. तिने खर्च मात्र पूर्ण १००चा ठरवला. स्पॉन्सर्सकडून २०च आले, तेही कार्यक्रमानंतर. त्यात शेवटची रात्र लांबली, साउंडवाल्याने जादा तासांचे पैसे लावले, जनरेटरला वाढीव डिझेल लागलं. हे आणखी ८. एकूण २८ची तूट. मंडपवाल्याचं बिल कित्येक महिने थकलं आणि रोज फोन तिलाच यायचे.

आता ती म्हणते, स्पॉन्सरचं पत्र आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय तो आकडा जमेत धरायचाच नाही आणि जमेतले १० टक्के आधीच बाजूला काढायचे. मला हे शंभर टक्के पटतं.

अडचण पुढे आहे. राखीव रक्कम दिसली की प्रत्येक टीम तिच्यावर डोळा ठेवते. सजावटवाल्यांनी आत्ताच मागणी केली आहे! ‘अचानक आलेला खर्च’ आणि ‘वाढलेली हौस’ यांतला फरक नियमात कसा लिहायचा? मंजुरीला प्रमुख, खजिनदार आणि प्राध्यापक अशा तिघांच्या सह्या ठेवल्या, तर कार्यक्रमाच्या रात्री पैसे वेळेवर सुटतील का? ज्यांनी हे निभावलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.