ग्राहकाने टॅग केलेले छायाचित्र दुकानाच्या पानावर टाकावे का?

शहापूरची साडीवाली
बेळगावात शहापूरला आमचे साड्यांचे लहान दुकान आहे. परवा एका ग्राहक बाईंनी बारशाला आमची साडी नेसून काढलेले छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले आणि आमच्या दुकानाला टॅग केले. मांडीवर बाळ आहे आणि छायाचित्र फार गोड आले आहे. मुलगा म्हणतो, टॅग केले म्हणजे परवानगीच झाली, आजच आपल्या पानावर टाकू. मला ते उचलल्यासारखे वाटते. विचारायचे तर कसे, आणि खाली दोन शब्द लिहायचे तर काय लिहावे?

निपाणीकर
मुलाचे म्हणणे मला पटते. बाईंनी स्वतः होऊन दुकानाचे नाव लावले आहे, याचा अर्थ दुकानाने ते पाहावे आणि चार लोकांना दाखवावे अशीच त्यांची इच्छा असणार. नाही तरी ते छायाचित्र तुमच्या पानावरच्या टॅग केलेल्या चित्रांच्या कप्प्यात आपोआप दिसतच आहे. त्यांचे नाव ठळक लिहा, आभार माना, म्हणजे झाले. एवढ्या आपुलकीने टॅग करणाऱ्या माणसाला ‘आपली परवानगी असावी’ असे पत्र पाठवणे म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बाईकडून स्टँपपेपरवर सही घेण्यासारखे आहे.

टिळकवाडीची पानवाली
मी गेली काही वर्षे बेळगावातल्या लहान दुकानांची पाने सांभाळते, त्यामुळे निपाणीकरांचा मुद्दा मला रोज ऐकावा लागतो. तो अर्धा बरोबर आहे. बाईंनी स्वतःच्या स्टोरीमध्ये दुकानाचा उल्लेख केला असता, तर तुमच्या इनबॉक्समध्ये ‘Add to your story’ हा पर्याय आला असता. तो दाबून स्टोरी पुढे पाठवायला मी स्वतंत्र परवानगी मागत नाही, कारण मूळ स्टोरी त्यांच्याच नावाने दिसते, चोवीस तासांत आपली स्टोरी निघून जाते आणि त्यांनी ज्या जागी ते टाकले होते त्याच प्रकारच्या जागी ते राहते.

इथे मात्र छायाचित्र उतरवून घेऊन स्वतःच्या पानावर नव्याने टाकायचे आहे. टॅगच्या कप्प्यातले चित्र त्यांचेच असते. उद्या त्यांनी ते काढून टाकले की तिथूनही जाते. तुम्ही उतरवून घेतलेली प्रत मात्र त्यांच्या हातात राहत नाही. शिवाय त्यांना ओळखणारी माणसे त्यांच्या पानावर असतात, आणि तुमच्या पानावर साडीचा भाव विचारणारे परके लोक येतात. टॅग करताना त्यांनी ओळखीच्या माणसांसमोर दुकानाचे कौतुक केले होते. परक्या लोकांसमोर आपला चेहरा ठेवायला त्यांनी होकार दिला होता, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणि एक प्रश्न आधी विचारते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हे छायाचित्र काढले कोणी?

खानापूरचा फोटोवाला
हा प्रश्न कोणी तरी विचारला याचा आनंद झाला. मागच्या लग्नसराईत मी काढलेले नवरीचे छायाचित्र एका दागिन्यांच्या दुकानाने आपल्या पानावर टाकले, खाली नवरीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि माझा साधा उल्लेखही केला नाही. वर कोपऱ्यातली माझी खूण कापून टाकली. विचारले तर म्हणाले, नवरीने परवानगी दिली आहे. छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो हे या दुकानदारांना कोण सांगणार? नवरीला परवानगी देण्याचा अधिकारच नव्हता.

टिळकवाडीची पानवाली
दादा, तुमची तक्रार खरी आहे, पण कायदा तुम्ही म्हणता तितका सरळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणाराच असतो. मात्र कोणी पैसे देऊन स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. त्यामुळे लग्नाचे काम ठरवताना तुम्ही कागदावर काही लिहून घेतले नसेल, तर नवरीच्या घरच्यांनी परवानगी देणे चुकीचे म्हणता येणार नाही. श्रेयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा निर्मात्याचा हक्क कलम ५७ मध्ये राखलेला आहे, आणि तुमची खूण कापणे मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही.

घरच्या माणसाने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात उलट परिस्थिती असते. तिथे कोणी पैसे दिलेले नसतात, म्हणून काढणाऱ्या नणंदेलाच विचारावे लागते, आणि हे दुकानदारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

शहापूरची साडीवाली
बाईंना विचारले. खरोखरच त्यांच्या नणंदेने मोबाइलवर काढले आहे! आणि बाळ त्यांचे नव्हे, नणंदेचेच आहे.

चिकोडीचा गूळवाला
मी गुऱ्हाळाची छायाचित्रे स्वतः काढून टाकतो आणि दुसरेच लोक ती आपल्या गुळाच्या डब्यावर छापतात. त्यासाठी वर नाव कसे उमटवावे, ते कोणी सांगेल का? तुमचाही प्रश्न चोरीचाच दिसतो, म्हणून इथे विचारतो.

वडगावचा विणकर
गूळवाले काका, इथे उलटे आहे. दुसऱ्याचे छायाचित्र आपण कसे घ्यावे याची चर्चा चालली आहे. तुमचा प्रश्न वेगळा मांडा, उत्तर मिळेल.

टिळकवाडीची पानवाली
मग तुमच्या बाबतीत तीन माणसे झाली: नेसलेल्या बाई, छायाचित्र काढणारी नणंद आणि बाळ. बाळाच्या वतीने आईच बोलणार, म्हणून नणंदेचा होकार दोन कारणांसाठी हवा. मी पाठवला असता तो संदेश असा असता:

‘नमस्कार. बारशाचे छायाचित्र पाहून आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. हे आमच्या दुकानाच्या इन्स्टाग्राम पानावर आपल्या नावासह आणि ज्यांनी काढले त्यांच्या नावासह एकदा टाकावे अशी इच्छा आहे. जाहिरातीसाठी किंवा दुकानातल्या फलकासाठी वापरणार नाही. बाळाचा चेहरा दाखवू नये असे वाटत असेल तर तसे सांगा. नको असेल तर मोकळेपणाने नको म्हणा, आणि नंतर कधीही सांगितलेत तर त्याच दिवशी काढून टाकू.’

यात कुठे टाकणार, कोणाचे नाव देणार आणि कशासाठी वापरणार नाही, हे तिन्ही आले. एवढे स्पष्ट असेल तर लोक पाच मिनिटांत उत्तर देतात. ‘तुमचा फोटो वापरू का?’ एवढेच विचारले की होकार नेमका कशाला मिळाला हे दोघांनाही कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच चेहरा दिवाळीच्या पैसे भरून केलेल्या जाहिरातीत दिसला की भांडण होते. फोनवर बोलणे झाले असले तरी होकार लिहून घ्या. कायद्यालाही परवानगी लेखी हवी असते, आणि निदान घरातल्या दुसऱ्या कोणी विचारले तर दाखवायला तो हाताशी असतो. उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतरचे मौन म्हणजे नकार समजावा.

निपाणीकर
हे मला अजूनही जड वाटते. ग्राहकाच्या उत्साहाची हवा दोन दिवसांत निघून जाते. त्यापेक्षा आधी टाका, त्यांना कळवा आणि नको म्हणाल्या तर काढा. काढायला किती वेळ लागतो?

टिळकवाडीची पानवाली
काढायला क्षणभर लागतो, पण मधल्या काळात कोणी स्क्रीनशॉट घेऊन घरच्या व्हॉट्सअॅप गटात टाकले तर ते काढता येत नाही. माझ्या एका दुकानाच्या बाबतीत असेच झाले होते. सुनेचे छायाचित्र सासरच्यांनी आधी दुकानाच्या पानावर पाहिले, खाली एका अनोळखी माणसाने तिच्या रंगावर शेरा मारला होता, आणि आम्ही तो पाहेपर्यंत रात्र उलटून गेली होती. बाई नंतर दुकानात आल्याच नाहीत. तेव्हापासून मी अशी पोस्ट नेहमी सकाळीच टाकते, म्हणजे दिवसभर प्रतिक्रियांवर लक्ष ठेवता येते आणि वाकडा शेरा ताबडतोब लपवता येतो. उत्साहाचे म्हणाल, तर बाईंच्या मूळ पोस्टखाली तुम्ही आजच आभार लिहू शकता; त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

वडगावचा विणकर
खाली काय लिहावे यावर मला बोलायचे आहे. आमच्या मागावरची साडी नेसलेल्या बाईच्या छायाचित्राखाली ‘आमच्या दर्जेदार साड्यांवर विश्वास ठेवल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आजच भेट द्या’ असे वाचले की मला परक्याने हात धरल्यासारखे वाटते. ते वाक्य कोणत्याही छायाचित्राखाली चालेल, म्हणून या छायाचित्राखाली चालत नाही. आधी छायाचित्र नीट पाहावे. त्यात काय दिसते ते मी पाहिलेले नाही, पण समजा बाई अंगणात बसल्या आहेत आणि काठावर ऊन पडले आहे, तर लिहावे: ‘दुकानातल्या दिव्याखाली हा हिरवा काठ आम्हाला कधी असा दिसला नव्हता. बाळाला आमच्याकडून तीट.’ बस्स. त्यात भाव नको, फोन नंबर नको आणि आपल्या दुकानाची स्तुतीही नको.

दुसरे म्हणजे नाते. आपल्याकडे सवयीने ‘वैनी’ लिहितात. पण बाई अविवाहित असल्या किंवा तुमच्याहून मोठ्या असल्या तर काय? आणि इथले निम्मे गिऱ्हाईक कन्नड बोलणारे आहे. त्यांनी कन्नडमध्ये लिहिले असेल, तर पहिली ओळ कन्नडमध्येच हवी. ‘अक्का’ दोन्हीकडे चालते, म्हणून मी तेच वापरतो.

टिळकवाडीची पानवाली
भाषेबद्दल पूर्ण सहमत. नात्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दुकानाच्या पानाने सगळ्यांसमोर नाते लावूच नये, त्यांच्या पोस्टवर त्या स्वतःसाठी जे नाव वापरतात तेच वापरावे. श्रेयाचे म्हणाल तर दोन्ही नावे मजकुराच्या पहिल्या ओळीत @ लावून लिहा. फक्त छायाचित्रावर टॅग केले तर बोट लावल्याशिवाय नाव दिसत नाही, आणि मजकुराच्या शेवटी लिहिले तर ते ‘more’ च्या आड जाते. छायाचित्रावर रंगाचा फिल्टर लावू नका, दुकानाचा शिक्काही मारू नका. बाळाचा चेहरा झाकून किंवा कापून टाकायचा ठरला, तर तयार झालेले चित्र टाकण्याआधी दोघींना एकदा दाखवा.

खानापूरचा फोटोवाला
आणि बदल्यात काही द्यावे की नाही? दुकान त्या चेहऱ्यावर धंदा करते, मग निदान पुढच्या खरेदीत सूट तरी द्यावी.

टिळकवाडीची पानवाली
सूट आधी कबूल करून छायाचित्र टाकायला लावले, तर ती जाहिरात झाली आणि तसे पोस्टवर लिहावे लागेल. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेचीही तीच अपेक्षा आहे. काहीच न ठरवता नंतर बाळाला झबले पाठवले, तर ते मला भेटवस्तूच वाटते. यावर आम्हा पाने सांभाळणाऱ्यांमध्येच एकमत नाही.

शहापूरची साडीवाली
दोघींचे उत्तर आले. नणंदेने लिहिले आहे की बाळाची पावले दिसली तर चालतील, चेहरा नको, आणि तिचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह हवे. आता मुलगा छायाचित्र कापायला बसला आहे. चेहरा कापला तर काठ अर्धाच उरतो आहे, म्हणून त्यांच्याकडे दुसरे एखादे छायाचित्र आहे का ते विचारते.

वडगावचा विणकर
काठ अर्धा राहिला तरी चालेल. पावले राहू द्या.