मुलं डबा का खात नाहीत? मुख्याध्यापिकांचं भाषण आणि न बोललेली बाजू

पहिलीची आई, पुणे

शनिवारी शाळेत पालकसभा झाली. मुख्याध्यापिका बाई अर्धा तास फक्त डब्यावर बोलल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मुलं डबा परत आणतात त्याचं कारण डब्यात कमी आणि सकाळच्या दुधात जास्त असतं. सहा वाजता दूध-बिस्किटं भरवून पाठवता, मग नऊच्या सुट्टीत भूक कुठून लागणार? वर डबा भरता तो मोठ्या माणसाचा. आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न 'डबा संपवला का?' त्या भीतीने मुलं अर्धा डबा कचऱ्यात टाकतात, आमच्या मावशी रोज बघतात."

दुधाचं पटलं. पण शाळेची बाजू कुठेच आली नाही, त्याचा मला राग आला. सुट्टी वीस मिनिटांची. आमच्या मजल्यावर तीन तुकड्या, म्हणजे साधारण दीडशे मुलं, आणि हात धुवायला सहा नळ. एका नळावर पंचवीस मुलं आली. प्रत्येकाला अर्धं मिनिट धरलं तरी शेवटच्या मुलाचे हात धुऊन होईपर्यंत साडेबारा मिनिटं गेली. उरलेल्या साडेसात मिनिटांत डबा उघडायचा, खायचा, भरायचा आणि मैदानावरही जायचं. सहा वर्षांचं मूल यातलं काय निवडेल? तुम्हाला काय वाटतं, दोष कुणाचा?

मुलांचा डॉक्टर, नाशिक

बाईंचं दुधाचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते किती बरोबर आहे हे पालकांना सहसा माहीत नसतं. एक कप, म्हणजे दोनशे मिली, म्हशीचं दूध, त्यात साखर आणि विकतची पावडर, सोबत चार बिस्किटं. सगळं मिळून साडेतीनशे कॅलरीच्या आसपास जातं. सहा वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरज साडेतेराशेच्या घरात असते. म्हणजे पाव दिवसाचं जेवण सहा वाजताच झालं. त्यात दुधातल्या स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामं होतं.

मूल उपाशी पाठवा असं मी म्हणत नाही. अर्धा कप दूध किंवा एक केळं पुरे, उरलेलं दूध संध्याकाळी. आठवडाभर एवढाच बदल करून डबा किती परत येतो ते पाहा. बाकी काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दुसरं, पालक ज्याला 'काहीच खात नाही' म्हणतात ते मूल बरेचदा त्याच्या वयाला योग्य तेवढंच खात असतं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, पण पुढे शाळेच्या वयात वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. भूकही त्याच हिशोबाने कमी होते. वाढीच्या तक्त्यावर रेघ आपल्या वाटेने वर जात असेल तर डब्यात उरलेल्या पोळीची चिंता करू नका. रेघ सपाट झाली, मूल फिकट दिसू लागलं, चटकन दमू लागलं, किंवा शौचाला तीन-चार दिवस होत नसेल, तर मात्र दाखवून घ्या. बद्धकोष्ठाने भूक मरते हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून मुलं पाणी पीत नाहीत, आणि तिथूनच ते सुरू होतं.

आजोबा, सातारा

आमच्या वेळी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायचे, एक कण परत यायचा नाही. आता लाड फार झाले. आणि जंताचं औषध कुणी देतं का वेळेवर? ते द्या, सगळी मुलं खायला लागतील.

मुलांचा डॉक्टर, नाशिक

आजोबा, जंताची गोळी द्यायलाच हवी, फेब्रुवारीत जंतनाशक दिनाला शाळेतच मिळते, ती चुकवू नये. पण जंतामुळे भूक गेली असेल तर मूल घरीही खाणार नाही. शाळेत डबा परत आणि घरी आल्याआल्या दोन वाट्या वरण-भात, असं असेल तर कारण जंत नाही.

दोन मुलांचा बाबा, ठाणे

पण डब्यात कोरडी भाजी द्या असं सगळे सांगतात, ती नेमकी कोणती द्यावी? भेंडी दिली की मुलगा चिकट होते म्हणतो. रोज पराठे देऊन कंटाळा आला. कुणी आठवड्याचा तक्ता टाकेल का?

पहिलीची आई, पुणे

दादा, विषय पाककृतींचा नाही, तरी एक सांगते. पोळी गरम असताना डबा बंद केला की वाफेचं पाणी सुटतं, खालची पोळी ओली आणि वरची वातड होते. जाळीवर पूर्ण गार करून मग भरा. आणि डबा त्याच्या हातात देऊन मदत न करता उघडायला सांगा. आमच्या शेजारच्या मुलीला चार खटक्यांचं झाकण उघडत नव्हतं, बाईंना सांगायची लाज वाटायची म्हणून ती डबा तसाच आणायची. घरच्यांनी महिनाभर भाज्या बदलून पाहिल्या.

खाजगी शाळेतली शिक्षिका

सुट्टी वाढवा म्हणणं सोपं आहे. आमची शाळा दोन पाळ्यांची. सकाळची मुलं उतरतात त्याच बसमधून दुपारची येतात. दहा मिनिटं वाढवली तर एक तासिका तरी कापावी लागते किंवा बसचं सगळं वेळापत्रक हलतं. पहिली ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने 2024 मध्ये सांगितलं, तेव्हाही अडचण बसचीच होती. नळांचं मात्र मान्य. आम्ही तुकड्या पाच-पाच मिनिटांच्या फरकाने सोडतो, रांग निम्मी झाली. त्याला पैसे लागले नाहीत.

जि. प. शिक्षक, परभणी

आमच्याकडे डब्याचा प्रश्नच कमी. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोजचे शंभर ग्रॅम तांदूळ धरलेले असतात. खिचडी शिजते, ओळीने बसून सगळे एकच जेवतात. घरी वाटाण्याला हात न लावणारं मूल शेजारचा खातोय म्हणून खातं. सगळ्यांच्या पुढ्यात सारखं ताट असलं की 'तुझ्या डब्यात काय' हा प्रश्नच राहत नाही. बाई यावर काही बोलल्या का?

मूळची मालवणची, आता मुंबई

नाही बोलल्या, आणि माझ्या मते खरं तिथेच आहे. माझ्या लेकाच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी असायची. घरी आवडीने खायचा. शाळेत एकाने नाक दाबलं, बाक सरकवला. त्या दिवसापासून डबा बंद. आम्हाला पुष्कळ दिवस वाटलं की भूक कमी झाली. आता तो ब्रेड-जॅम मागतो, कारण त्यावर कुणी काही म्हणत नाही. दूध बंद करून हे सुटणार आहे का? वर्गशिक्षकांनी बोलायला हवं. आमच्या बाईंनी उलट मलाच सांगितलं, "वासाचं देऊ नका."

खाजगी शाळेतली शिक्षिका

ताई, दुसऱ्या बाजूचे पालकही तक्रार घेऊन येतात. चाळीस घरांच्या चाळीस चालीरीती, आम्ही कुणाचं ऐकायचं?

मूळची मालवणची, आता मुंबई

ज्याने नाक दाबलं त्याच्याशी बोलायचं. ज्याचा डबा आहे त्याच्याशी नाही.

पहिलीची आई, पुणे

शाळेला दोन मागण्या लिहून देतेय: तुकड्या फरकाने सोडा, आणि पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी वर्गात बसूनच खायचं, मैदान नंतर. दुसरीवर घरातच वाद झाला. नवरा म्हणतो, बसवून ठेवलं म्हणजे जबरदस्तीच झाली.

मुलांचा डॉक्टर, नाशिक

बसवणं जबरदस्ती नाही. किती खायचं ते मुलावर सोडा, "संपव" म्हणत कुणी डोक्यावर उभं राहू नये. पण मैदानाची वेळ कापली जात असेल तर मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.