52 सेकंदांचा पाऊस एक तास कसा वाजवायचा? (सल्ला हवाय, बजेट शून्य)

चाळकरी_लालबाग:
मंडळी नमस्कार. आमची चाळ गेल्या वर्षी पाडली, आता टॉवर होईपर्यंत भाड्याच्या घरात सतराव्या मजल्यावर आहोत. इथे पाऊस पडतो ते खिडकीतून दिसतं, ऐकू काही येत नाही. आईला आयुष्यभर गॅलरीच्या पत्र्यावरच्या पावसात झोपायची सवय, तर ती रात्र रात्र जागी. माझ्याकडे चाळीतला पाऊस फोनवर रेकॉर्ड केलेला आहे, पण फक्त 52 सेकंद. तोच एक तास वाजवायचाय. ऑडॅसिटीत कॉपी पेस्ट करत बसलो सत्तर वेळा, पण प्रत्येक जोडाला टक्क आवाज येतो आणि शिवाय पाऊस एकदम 'बदलल्यासारखा' वाटतो. शिवाय मधे 29व्या सेकंदाला शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आहे. काय करू? जुना लॅपटॉप आहे, पैसे खर्च करायचे नाहीत. पुन्हा रेकॉर्ड करा म्हणू नका, चाळच नाही आता.

बटाटाभजी:
यूट्यूबवर दहा दहा तासांचे पाऊस पडलेत भाऊ, एक लावा आणि झोपा.

वसईचा_विनू:
फोनवर कधीच रेकॉर्ड करू नये. मी साडेबारा हजाराचा रेकॉर्डर घेतला दोन वर्षांपूर्वी, वर केसाळ टोपी मिळते वाऱ्यासाठी, त्यात बेडकांचा आवाज असा आलाय की घरातलं मांजर उठून बसलं. एकदाच खर्च करा.

चाळकरी_लालबाग:
विनूभाऊ चाळ नाहीये हो. आणि बटाटाभजी, यूट्यूबचा लावून पाहिला, आई म्हणाली हा पाऊस कौलावरचा आहे.

नुसता_वाचक:
आईंना मानलं 🙏

टेक_पव्या:
सोप्पंय. टक्क येतो कारण लाट जिथे कापली तिथे ती शून्यावर नसते, एक टोक वर आणि दुसरं खाली, स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. ऑडॅसिटीत सिलेक्शन करून Z दाबा, दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. मग कापा आणि रिपीट करा. विषय संपला. एका तासासाठी हाताने पेस्ट करत बसू नका, ffmpeg असेल तर एक ओळ पुरे:

```
ffmpeg -stream_loop 99 -i paus.wav -t 3600 -c copy paus_1tas.wav
```

चाळकरी_लालबाग:
Z केलं. टक्क गेला! पण तो 'बदल' आहेच. दर 52 सेकंदाला पाऊस अचानक वाढतो, जणू कोणीतरी दार उघडलं.

माई_गिरगाव:
आमच्याकडे पण हाच प्रॉब्लेम, माझ्या नातीच्या नाचाच्या गाण्यात मधेच खाड्कन आवाज येतो, तिचं गॅदरिंग 22 तारखेला आहे, कोणी कापून देईल का?

स्लो_लोकल:
मी तुम्हाला ट्रिक सांगतो, कुठे वाचायला मिळणार नाही. क्लिप कॉपी करायची, कॉपी उलटी करायची म्हणजे Reverse, आणि मूळ क्लिपच्या मागे लावायची. जिथे संपलं तिथूनच उलटं चालू होतं त्यामुळे जोड दिसणारच नाही. मी आमच्या घरच्या पंख्याचा असाच दोन तासांचा ट्रॅक केलाय, बायको माहेरी गेली की लावतो. कोणी ओळखून दाखवा.

दादरचा_साउंडवाला:
स्लो_लोकल, पंख्याला चालतं ते, घूं घूं उलटी केली तरी घूंच. पत्र्यावरच्या पावसात थेंब आहेत. थेंब आधी ताडकन वाजतो आणि मग विरतो, उलटा केला की आवाज हळूहळू फुगतो आणि गपकन तुटतो. अर्धा वेळ पाऊस वर जातोय असं वाटेल.

चाळकरी, मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो, पाऊस हा आमच्या पाचवीला पुजलेला, म्हणून जरा लांब लिहितोय. पव्या म्हणतो ते अर्धं बरोबर. Z ने टक्क जातो, कारण तो एका क्षणाचा मामला आहे. पण तुमच्या रेकॉर्डिंगच्या शेवटचा पाऊस आणि सुरुवातीचा पाऊस हे दोन वेगळे पाऊस आहेत. फोन स्वतःच आवाज वर खाली करतो, सुरुवातीला मोठा घेतो मग पाऊस जोराचा वाटला की दाबतो. म्हणजे शेवट दबलेला आणि सुरुवात मोकळी. तेच तुमचं दार उघडणं. त्याला एक क्षण पुरत नाही, तीनचार सेकंद एक पाऊस जात असताना दुसरा येत राहिला पाहिजे. म्हणजे क्रॉसफेड.

आता गंमत अशी की शेवट आणि सुरुवात तर क्लिपच्या दोन टोकांना, त्यांना एकमेकांवर चढवणार कसं? तर क्लिप मधेच कापायची आणि दोन तुकड्यांची अदलाबदल करायची. मागचा तुकडा पुढे, पुढचा मागे. झालं काय, की जुना शेवट आणि जुनी सुरुवात आता मध्यभागी समोरासमोर आले, तिथे निवांत क्रॉसफेड करा. आणि नवीन दोन टोकं? ती तर तुम्हीच आत्ता कापलीत, मूळ पावसात ती एकमेकांना चिकटलेलीच होती. त्यामुळे लूप फिरला की तिथे जोड असा नसतोच.

नुसता_वाचक:
हे दोनदा वाचलं तेव्हा कळलं. भारी आहे.

टेक_पव्या:
मी पण हेच म्हणत होतो फक्त थोडक्यात.

दादरचा_साउंडवाला:
बरं 😀

चाळकरी_लालबाग:
दादा केलं. दोन ट्रॅकवर दोन तुकडे ठेवले, 4 सेकंद एकमेकांवर आणले, तेवढाच भाग दोन्हीकडे सिलेक्ट करून Crossfade Tracks लावलं. टक्क नाही, दार नाही. पण आता जोडाला पाऊस किंचित खाली बसतो आणि परत उठतो. मी कानाला हेडफोन लावून ऐकतोय म्हणून असेल का?

दादरचा_साउंडवाला:
नाही, कान बरोबर आहे तुमचा. त्या खिडकीत Fade type म्हणून आहे, तिथे आपोआप Constant Gain असतं. ते बदलून Constant Power 1 करा. मधोमध दोन्ही पाऊस निम्मे निम्मे होतात, आणि एकच सूर असता तर दोन निम्मे मिळून एक झाला असता, पण पाऊस म्हणजे नुसता गोंधळ, दोन गोंधळ तसे जुळून येत नाहीत, त्यामुळे मधे 3 डेसिबलचा खड्डा पडतो. एकदा ऐकला तर कळणार नाही, तासात शंभरदा ऐकला तर पाऊस श्वास घेतोय असं वाटतं. पंख्याला मात्र उलट, तिथे Power लावलं तर मधे फुगू शकतं.

स्लो_लोकल:
पंख्याला उलटं करायचं मी आधीच सांगितलंय.

वसईचा_विनू:
चांगल्या रेकॉर्डरमधे आवाज आपोआप वरखाली होणं बंद करता येतं. म्हणून म्हणत होतो.

बटाटाभजी:
ते सगळं ठीक, पण त्या शिट्टीचं काय? तासाला साधारण सत्तर शिट्ट्या होणार. कसली डाळ आहे ही?

टेक_पव्या:
हाहाहा. नॉइज रिडक्शन लावा, जाईल.

दादरचा_साउंडवाला:
नॉइज रिडक्शन लावू नका, मशीनच्या लेखी पाऊस हाच नॉइज आहे. शिट्टी राहील आणि पाऊस पाण्याखालून आल्यासारखा होईल. शिट्टी कापूनच काढा. पहिली 3 सेकंदं फोन हाताळल्याची खरखर असणार, शेवटची 2 बटण दाबल्याची, ती आधी उडवा. उरली 47. शिट्टीची 3 काढा, 44. ती जागा 4 सेकंदांच्या क्रॉसफेडने सांधा, 40. आता अदलाबदलीसाठी कापायचं ते बरोबर मधे कापू नका, शिट्टीचा सांधा 22 ते 26 मधे येतोय, त्याच्यापासून लांब 12व्या सेकंदाला कापा. पुन्हा 4 चा क्रॉसफेड, उरले 36. छत्तीस गुणिले शंभर, बरोब्बर एक तास. Repeat मधे 99 टाका, 100 नाही, ते 'आणखी किती' विचारतं.

आणि एक, शिट्टीच काय, एखादा कावळा किंवा पन्हळीतून पडलेला मोठा थेंब जरी वेगळा उठून दिसला तरी कान त्याची वाट बघायला लागतो. डोळे मिटून पाच फेऱ्या ऐका, जिथे 'हां, हा मघाचाच' असं वाटेल तो थेंब हळू करा.

चाळकरी_लालबाग:
स्पीकर पेनड्राइव्हवरून फक्त एमपी3 वाजवतो, चालेल का? वेव्ह फाइल 635 एमबी झालीय.

टेक_पव्या:
एमपी3 अजिबात नको, टोकांना रिकामी जागा घुसते, लूप तुटतो.

दादरचा_साउंडवाला:
36 सेकंदांची एमपी3 करून प्लेअरला रिपीटवर टाकली तर तुटतो, खरंय. आख्ख्या तासाची एकच एमपी3 केली तर आतले 99 सांधे फाइलच्या पोटात आहेत, त्यांना काही होत नाही. फार तर तासाने एकदा उचकी. लूप तयार करेपर्यंत वेव्ह, एमपी3 सगळ्यात शेवटी.

माई_गिरगाव:
गाणं कोणी कापून देणार आहे का नाही?

नुसता_वाचक:
माई मेसेज केलाय तुम्हाला.

चाळकरी_लालबाग:
(चार दिवसांनी) मंडळी झालं! जोड मला स्वतःला सापडत नाहीये. पण पहिल्याच रात्री आई म्हणाली, पाऊस आपलाच आहे पण शिट्टी कुठे गेली? मग मी तुमचं कोणाचंच न ऐकता शिट्टीचा तुकडा दुसऱ्या ट्रॅकवर दोन्हीकडून फेड करून परत टाकला, तीन ठिकाणी, 9, 23 आणि 41व्या मिनिटाला.

दादरचा_साउंडवाला:
चालतंय की. लूपमधे नाही ना, मग ठीक. अंतरं वेगळी ठेवलीत ते बरं केलंत. शिट्टीबरोबर मागचा पाऊस थोडा दुप्पट होईल तिथे, पण शिट्टीपुढे तो ऐकू येत नाही.

चाळकरी_लालबाग:
दादा, पाऊस ऐकू येत नाही ते ठीक. काल रात्री 41व्या मिनिटाला आई ताडकन उठून स्वयंपाकघरात. "तीन झाल्या, गॅस बंद करायचा कोणी?"

बटाटाभजी:
😂😂 दोनच ठेवा ना मग.

चाळकरी_लालबाग:
दोनच ठेवल्या. आता ती तिसरीची वाट बघत जागी राहते.