मालकांचं 'नवं नाव, नवं ध्येय' भाषण: मेटाचा नमुना घ्यावा का?

गिरणारेकर
आमच्या कंपनीचं नाव बदललं. आधी मालकांच्या आडनावावरून होतं. सौरपंप आणि ठिबकच्या कंट्रोलरचं काम वाढलं म्हणून आता वेगळं घेतलंय. पुढच्या आठवड्यात मालक सगळ्या कामगारांसमोर बोलणार आहेत आणि मजकूर मला लिहायचाय. फेसबुक कंपनीचं नाव मेटा केलं तेव्हाच्या झुकरबर्गच्या भाषणाचा व्हिडिओ त्यांनी पाठवलाय, "असं काहीतरी लिही" म्हणून. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही. हा नमुना घ्यावा का?

सुमेधा
घेऊ नका. तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि माणूस कोणाशी बोलतोय एवढंच बघा. 28 ऑक्टोबर 2021 चं ते भाषण कंपनीच्या कनेक्ट या वार्षिक कार्यक्रमातलं आहे. समोर डेव्हलपर, गुंतवणूकदार, पत्रकार. कर्मचारी ते ऐकत होते, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

त्यात एक वाक्य आहे: यापुढे आपण मेटाव्हर्सला, म्हणजे चष्मा लावून वावरायच्या आभासी जगाला, पहिला मान देणार, फेसबुकला नाही. गुंतवणूकदाराला यातून दिशा कळते. पण न्यूजफीडवर किंवा जाहिरातींच्या यंत्रणेवर राबणाऱ्या इंजिनिअरने यातून काय घ्यायचं? 2021 मध्ये कंपनीचं उत्पन्न सुमारे 118 अब्ज डॉलर होतं. त्यात मेटाव्हर्सच्या विभागाचा वाटा जेमतेम सव्वादोन अब्ज. म्हणजे सगळ्यांचे पगार जुन्या कामातून निघत होते आणि पाटीवर नाव लागलं नव्या कामाचं. जुन्या कामावरच्या लोकांच्या वाट्याला भाषणात काय आलं? ध्येय तेच आहे, ॲप्सची नावंही तीच राहतील, इतकंच.

तुमच्याकडेही हेच होणार आहे. साध्या मोटरपंपाच्या लाइनवरचे लोक नवं नाव ऐकून पहिल्यांदा हाच विचार करतील, की आपली लाइन आता मागे पडली का. याचं उत्तर मालकांनी पहिल्या दोन मिनिटांत दिलं नाही, तर पुढचं काही कानात शिरणार नाही.

तिरकीट
सुमेधाताई, तुम्ही त्या भाषणावर अन्याय करताय. त्याची एक बाजू फार कमी संस्थापकांना जमते. भाषणाच्या तीन दिवस आधी, 25 ऑक्टोबरला, तिमाही निकाल सांगताना कंपनीने दोन गोष्टी उघड केल्या. एक, या नव्या विभागावरच्या खर्चामुळे त्या वर्षीचा नफा सुमारे 10 अब्ज डॉलरने कमी होईल. दुसरी, पुढच्या तिमाहीपासून या विभागाचा, म्हणजे रिअ‍ॅलिटी लॅब्सचा, हिशेब वेगळा दाखवला जाईल.

म्हणजे नाव बदलण्याआधी वही बदलली. म्हणूनच आज कुणीही उघडून बघू शकतो: त्या विभागाचा तोटा 2021 ला 10.2 अब्ज, 2022 ला 13.7, 2023 ला 16.1. आकडे वाईट आहेत, मान्य. पण ध्येय तपासता येतं, ते चुकू शकतं आणि चुकलं तर सगळ्यांना दिसतं. आपल्याकडचे बहुतेक मालक "आपण माणसं जोडतो", "आपण उद्या घडवतो" अशी ध्येयं सांगतात. ती कधी चुकूच शकत नाहीत, म्हणून कामगार ती मनावर घेत नाही. गिरणारेकर, तुमच्या मालकांनी झुकरबर्गकडून हे जरूर घ्यावं. नव्या कामात किती पैसे घालणार आणि किती वर्षं तोटा सोसणार, हे आकड्यात सांगावं.

निफाडचा भाऊ
कसलं ध्येय घेऊन बसलात! फेसबुकची बदनामी झाली होती, ती झाकायला नाव बदललं. फेसबुकमध्येच काम केलेली ती बाई आतली कागदपत्रं घेऊन अमेरिकेच्या संसदेत गेली आणि लगेच नाव बदललं. आणि त्या नव्या नावापायीच 11,000 माणसं घरी गेली. नाव बदललं की पुढचं पाऊल कपातीचं, हे ठरलेलं असतं. कामगारांना हे कळतं. भाषण कसंही लिहा, ते हेच ऐकणार.

सुमेधा
भाऊ, वेळेचं तुमचं बरोबर आहे. फ्रान्सेस हॉगन यांनी 5 ऑक्टोबरला सिनेटपुढे साक्ष दिली आणि नाव बदललं 28 तारखेला. असा योग आला की लोक संशय घेणारच. पण तीन आठवड्यांत एवढ्या कंपनीचं नाव, चिन्ह, निकालाची मांडणी असं सगळं उभं राहत नाही.

कपातीचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही. 9 नोव्हेंबर 2022 च्या पत्रात झुकरबर्गने कारण दिलंय ते असं: कोविडमध्ये ऑनलाइन खरेदी वाढली, ती वाढ टिकेल असं धरून खूप भरती केली आणि तो अंदाज चुकला. त्यात जाहिरातींचं उत्पन्न घटलं. ॲपलने आयफोनवर माग काढायला आधी परवानगी मागायची सक्ती केली, त्याचाही फटका बसला. मेटाव्हर्सच्या खर्चाने हात आखडले असणारच, पण सगळा दोष नावावर घालता येत नाही.

तरी तुमचं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. नाव आणि कपात यांचा संबंध असो वा नसो, ऐकणारा तो लावतो.

वैशाली, चाकण
माझा अनुभव सांगते. मी एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला होते. तिथे नाव बदललं तेव्हा मोठ्या साहेबांनी पुण्यात हॉटेलात इंग्रजीत भाषण केलं आणि आम्ही कँटीनमध्ये पडद्यावर बघितलं. "आजपासून जुनं नाव इतिहासजमा" असं ते म्हणाले.

आमच्या प्रत्येक फोर्जिंगवर जुना मोनोग्राम उठावात यायचा, कारण तो डायमध्येच, म्हणजे साच्यातच, कोरलेला. तो ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्येही असतो. बदलायचा तर आधी ग्राहकाला कळवायचं, नमुने पाठवायचे, मंजुरी घ्यायची, मग नवी डाय किंवा जुन्या डायमध्ये नवा इन्सर्ट. तोवर जुन्याच खुणेचा माल जात राहतो. दुसऱ्या दिवशी एका नव्या पोराने भाषण ऐकून जुन्या मोनोग्रामचा अख्खा ट्रे बाजूला काढून त्यावर नापास मालाचा लाल टॅग लावला. त्याचं काय चुकलं? साहेबच तसं म्हणाले होते. तो ट्रे सोडवायला आमची अर्धी शिफ्ट गेली आणि डिस्पॅच थांबलं.

म्हणून सांगते, पंपाच्या बॉडीवर, नेमप्लेटवर, खोक्यावर, वॉरंटी कार्डावर जुनं नाव कधीपर्यंत चालणार, हे मालकांनी स्वतःच्या तोंडून सांगावं. आणि मराठीत सांगावं.

रानडे
नाव बदलायला आधी रजिस्ट्रारकडून नवं नाव राखून घ्यावं लागतं, मग सर्वसाधारण सभेत विशेष ठराव, मग नवं प्रमाणपत्र. त्यानंतर दोन वर्षं पाटीवर आणि लेटरहेडवर नव्या नावासोबत जुनंही द्यावं लागतं, कंपनी कायद्याचं कलम 12. हे केलंय ना? नाहीतर भाषणाला अर्थ नाही.

गिरणारेकर
रानडे साहेब, कागदपत्रं झालीत, प्रश्न भाषणाचा आहे. पण दोन वर्षांचा मुद्दा कामाचा आहे. वैशालीताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच मिळालं.

तिरकीट
एक विचारतो, ग्रॅच्युइटीची सलगता तुटत नाही ना? आमच्याकडे अशीच अफवा उठली होती.

रानडे
फक्त नाव बदललं असेल तर तुटत नाही. कंपनी तीच राहते, नोकरीही तीच. कारभार दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर वेगळं पाहावं लागतं.

सुमेधा
मग हे वाक्य भाषणात हवंच, सुरुवातीलाच.

गिरणारेकर, मालकांना मेटाच हवं असेल तर ऑक्टोबरचं सोडा आणि 15 फेब्रुवारी 2022 चं घ्या. त्या दिवशी झुकरबर्गने कर्मचाऱ्यांच्या सभेत कंपनीची नवी मूल्यं मांडली. जुन्या यादीतलं 'वेगाने चला' राहिलं. 'परिणामावर लक्ष द्या' होतं, त्याचं 'दूरच्या परिणामावर लक्ष द्या' झालं. 'मोकळेपणा ठेवा' गेलं आणि 'थेट बोला, सहकाऱ्यांचा मान ठेवा' आलं. याला मी कर्मचाऱ्यांशी बोलणं म्हणते, कारण यातून उद्या सकाळी कसं वागायचं ते कळतं. मोकळेपणा का काढला यावर वाद घालता येईल आणि तो घालायलाच हवा, पण निदान वाद घालायला काहीतरी हातात आहे.

गडबड झाली ती शेवटच्या ओळीत: 'मेटा, मेटामेट्स, मी'. आरमारात आधी जहाज, मग सोबती, मग स्वतः असा क्रम शिकवतात, त्यावरून ही बेतलेली. कर्मचाऱ्याकडून त्यागाची अपेक्षा करणारी ओळ आहे ही. नऊ महिन्यांच्या आत 11,000 लोकांना निरोप दिला. ज्याने जहाज आधी, मी शेवटी असं मनापासून मानलं असेल, त्याला त्या सकाळी काय वाटलं असेल? संस्थापकाने कामगाराकडून निष्ठा मागावी, पण आपण काय देणार ते त्याच दमात सांगावं.

तिरकीट
इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कपातीच्या त्याच पत्रात त्याने चूक माझी, जबाबदारी माझी असं स्पष्ट लिहिलं. अमेरिकेतल्या लोकांना 16 आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवडे, असं दिलं. किती मालक असं करतात? निष्ठा मागण्यात गैर काय? 

सुमेधा
दिलं, आणि चांगलं दिलं. पण ते जाताना कळलं. निष्ठा मागितली तेव्हा त्याचा शब्दही नव्हता. माझी तक्रार तेवढीच आहे.

गिरणारेकर
सुरुवात अशी लिहिलीय, सांगा कशी वाटते:

"कंपनीचं नाव बदललंय, कंपनी तीच आहे. तुमची नोकरी, पीएफ, ग्रॅच्युइटी जशी होती तशीच पुढे चालू राहील. मोटरपंपाची लाइन आजही आपलं घर चालवते आणि पुढेही चालणार आहे. बॉडीवरचं जुनं नाव साचे बदलतील तसं बदलेल, तोवर जुन्या नावाचा माल आपलाच आहे, कुणी बाजूला काढू नये. सौरपंपाच्या कामात पुढची तीन वर्षं आपण दरवर्षी किती पैसे घालणार, तो आकडा आज सांगतो आणि दरवर्षी याच दिवशी झालेला खर्च तुमच्यासमोर ठेवीन. या बदलात एकाचीही नोकरी जाणार नाही."

आकडा मालकांकडून यायचाय. ते कचरताहेत.

निफाडचा भाऊ
शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी कामगार असतो तर तेवढ्यावर टाळ्या वाजवल्या असत्या.

सुमेधा
शेवटचं वाक्य काढा. तीन वर्षांचा शब्द मालकांच्या हातात नाही. सरकारी अनुदानाचे नियम बदलले, की सौरपंपाच्या ऑर्डरी हलतात. त्याऐवजी लिहा: "माणसं कमी करायची वेळ आलीच, तर तुम्हाला ते माझ्या तोंडून कळेल, नोटीस बोर्डावरून नाही."

वैशाली, चाकण
असं वाक्य ऐकलं की आमच्या शॉपफ्लोअरवर दुपारपर्यंत "कपात येतेय" अशी बोंब झाली असती. ताई, तुमचं खरं आहे, पण तीनशे माणसांसमोर पहिल्याच दिवशी 'कमी करायची' हा शब्द नको.

तिरकीट
आकडा दिला तर दोन्ही वाक्यं लागणार नाहीत. आधी मालकांकडून आकडा काढा.

सुमेधा
आकड्याने पोट भरत नाही, तिरकीट. वैशाली म्हणते ती भीती मलाही दिसतेय, तरी मी माझ्या वाक्यावर ठाम आहे. गिरणारेकर, दोन्ही वाक्यं मालकांना वाचून दाखवा आणि नजर न चुकवता कुठलं म्हणता येतंय ते त्यांनाच ठरवू द्या.