फोटोला हार आणि दिवा: तुमचे अनुभव लिहा

मेधा: काल कुणाच्या तरी आजोबांच्या पुण्यतिथीची पोस्ट पाहिली, हार थेट कपाळावरून गेलेला. आमच्या नानांच्या वर्षश्राद्धाची रात्र आठवली. भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढून मोबाइलवरच हार आणि समई लावायची होती. हार काही केल्या चिकटवल्यासारखाच दिसे. सावली दिली तेव्हा कुठे तो बसला. हाराची आणखी एक प्रत घेतली, पूर्ण काळी केली, धूसर आणि बरीच फिकट करून हाराच्या मागे जरा खाली उजवीकडे सरकवली. उजवीकडे, कारण फ्रेमची सावली भिंतीवर त्याच बाजूला पडली होती. तुम्ही कसं केलंत?

सुहास: आधी चौकट सरळ करा. काचेत ट्यूबलाइट दिसते म्हणून आपण बाजूने फोटो काढतो, मग फ्रेम तिरकी आणि हार सरळ. स्नॅपसीडमध्ये Perspective आहे.

वंदना: त्यापेक्षा काच काढा आणि फोटो घ्या. सोप्पं.

श्रीधर: वंदनाताई, जुन्या फोटोला जपून हो. ओल लागली की कागद काचेला चिकटतो. ओढला की चेहऱ्याचा रंग काचेवरच राहतो. आजीचा एकच फोटो होता आमच्याकडे, दुकानात नवी फ्रेम करायला दिला आणि तिथे तसाच ओढला गेला.

मेधा: अरेरे. फार वाईट वाटलं वाचून.

प्रकाश: दिव्याचं तोंड कुठल्या दिशेला हवं? आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद.

अनघा: काका, इथे मोबाइलवरच्या फोटोचं चाललंय 🙂 मला समईनेच रडवलं. काळ्या पार्श्वभूमीवरची समई घेऊन तिचा ब्लेंड मोड Screen केला. काळं गेलं, पण पितळेचा गडद भागही गेला, समईतून भिंत दिसायला लागली.

सुहास: होणारच. Screen मध्ये उजेड राहतो, काळं जातं. समई कापलेली PNG घे, नेहमीसारखी ठेव. फक्त ज्योतीभोवतीचा प्रकाश Screen ने. आणि भिंत पांढरी असेल तर आधी सगळा फोटो थोडा काळोखा कर, नाहीतर पांढऱ्यावर ज्योत उजळणार कशी?

अनघा: हो, भिंत पांढरीच होती! आज परत बसते. पण माझ्या PNG मागे राखाडी चौकोन येतात, ते?

सुहास: ते चित्रातच छापलेले असतात. ती पारदर्शक PNG नव्हे, दुसरी शोध.

वंदना: आईला असा खोटा हार आवडत नाही. म्हणते, खरा घाला आणि मग फोटो काढा. मलाही पटतं ते.

मेधा: पटतं गं, पण भाऊ परदेशात, फ्रेम गावी. त्याने काय करायचं?

प्रकाश: दिशेचं कुणी सांगेल का?

श्रीधर: काका, आमच्याकडे गुरुजी पूर्वेला सांगतात. कुकर झाला, येतो.