मदत हवी आहे: शेजाऱ्यांमधली नासधूस, खटला चालू द्यावा की रिस्टोरेटिव्ह कॉन्फरन्स घ्यावी?

पायरीवरची
दोन घरं, मध्ये सामायिक भिंत. एका घरातला १९ वर्षांचा मुलगा ड्रम वाजवतो. पलीकडच्या बाईंनी तीन वर्षांत अनेकदा तक्रार केली आहे. एका रात्री त्याने त्यांच्या बाजूच्या भिंतीवर स्प्रे पेंटने शिव्या लिहिल्या आणि फाटकावरचे दोन दिवे फोडले. त्याच रात्री त्यांचा बारा वर्षांचा वेल बुंध्याशी कापला गेला. भिंत आणि दिवे मुलगा कबूल करतो, वेल मात्र "मी नाही कापला" म्हणतो. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली आहे. मुलाचे वडील म्हणतात, सगळे पैसे आजच देतो. बाई म्हणतात, पैसे नकोत, त्याने माझ्यासमोर बसून सांगावं.

दोन्ही घरांशी माझं बोलणं आहे, म्हणून दोघांना आपापल्या माणसांसह समोरासमोर बसवणारी ही कॉन्फरन्स मीच घ्यावी असं दोघांनीही सुचवलंय. खटल्यात जे होईल त्यापेक्षा इथे नेमकं वेगळं काय होतं? आणि वेलाचं काय करायचं?

आण्णा_७१
पाच जुनीजाणती माणसं बसवा, दोघांचं ऐका आणि दंड ठरवून टाका. आमच्या मजल्यावर पाण्याच्या टाकीवरून असंच भांडण होतं, ते एका संध्याकाळी मिटवलं. एवढं मोठं नाव कशाला द्यायचं?

रिंगण
आण्णा, तुम्ही सांगताय तो निवाडा झाला. पाच जणांनी ठरवलं की मुलगा आणि बाई दोघंही पुन्हा ऐकणाऱ्याच्या जागी जातात, न्यायालयात जातात तसेच. कॉन्फरन्समध्ये ठरवणारा तिसरा कोणी नसतो. चालवणारा फक्त प्रश्न विचारतो आणि क्रम सांभाळतो.

पायरीवरची ताई, मोठा फरक कबुलीपाशी आहे. खटला "हे याने केलं का?" या प्रश्नासाठी उभा केलेला असतो. आरोपी गप्प राहू शकतो, बऱ्याचदा वकील त्याला तेच सांगतो आणि त्याच्या जागी ते योग्यही असतं. बाई तिथे साक्षीदार असतात, विचारलं तेवढंच सांगायचं. ड्रमचा विषय निघाला तर हेतू दाखवण्यापुरता. कॉन्फरन्सला "कोणी केलं" हे शोधण्याचं साधनच नाही. ती कबुलीनंतर सुरू होते आणि "त्यामुळे कोणाचं काय झालं, आता काय करायचं" एवढंच विचारते. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्याने अल्पवयीनांसाठी कौटुंबिक कॉन्फरन्स आणली, तिथेही मुलाने आरोप नाकारला तर तो सिद्ध करण्याचं काम न्यायालयाकडेच राहतं.

दोन्हींपैकी एकच निवडायचं असं मात्र नाही. या पद्धतीचा उगम सांगताना कॅनडातल्या एलमायरा गावचं १९७४चं प्रकरण नेहमी सांगतात. दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली होती. त्यांनी आधी न्यायालयात गुन्हा कबूल केला, मग प्रोबेशन अधिकाऱ्याबरोबर एकेका घरी जाऊन माणसांना भेटले आणि भरपाई दिली. तिथे खटला आणि भेट एकाच वाटेवर होत्या.

फिर्याद
मुलाच्या वडिलांना आधीच सांगा, तिथे बोललेला प्रत्येक शब्द उद्या न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरला जाईल. मी असते तर मुलाला पाठवलं नसतं. दुसरं, दोघांची संमती असेल तर तक्रार मागे घेतली की विषय संपला, मग कॉन्फरन्सचीही गरज नाही.

रिंगण
धोका खरा आहे, पण तो इतका सरसकट नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००२ मध्ये याबाबतची मूलतत्त्वं मांडली. त्यांत म्हटलं आहे की आरोपीने भाग घेतला याचा पुढच्या कारवाईत कबुली म्हणून वापर होऊ नये आणि बंद दाराआड झालेली चर्चा गोपनीय राहावी. ही तत्त्वं आहेत, प्रत्येक ठिकाणचा कायदा नव्हे. म्हणून तक्रार ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून बैठकीआधी लेखी घ्यायचं: काय गोपनीय राहील, समेट झाला तर प्रकरणाचं काय होईल, फिसकटला तर काय. हा कागद हाती नसेल तर मुलाला वर्तुळात बसवू नये, इथे मी तुमच्याबरोबर आहे.

दुसरं मात्र चुकतंय. तक्रार नोंदली की प्रकरण फक्त दोन शेजाऱ्यांचं राहत नाही. ते थांबवायचं की नाही, हे बहुतेकदा पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायालय ठरवतं. "बसून मिटलं म्हणजे खटला संपला" असं कोणी मुलाला सांगितलं असेल, तर ते आजच दुरुस्त करा.

पायरीवरची
मग मी काय करू? आधी काय, नंतर काय?

रिंगण
पहिलं म्हणजे, चालवायला तुम्ही बसू नका. दोघांचाही आज तुमच्यावर विश्वास आहे, पण बैठकीत बाईंना रडू आलं आणि तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात, तर मुलाचे वडील ते लक्षात ठेवतील. या घरांशी संबंध नसलेलं, अनुभवी कोणी शोधा. तुम्ही बाईंच्या बाजूने किंवा नुसत्या शेजारी म्हणून वर्तुळात बसू शकता.

खरं काम तयारीत आहे. प्रत्येकाला वेगवेगळं, तासभर तरी, त्याच्या सोयीच्या जागी भेटायचं. मुलाशी बोलताना क्रियापदांकडे कान ठेवायचा. "ते झालं", "दिवे फुटले", "माझ्याकडून चूक घडली" असं तो बोलत असेल तर तो अजून तयार नाही. "मी लिहिलं, मी फोडले" येईपर्यंत थांबायचं. हे वाक्य घोकून घ्यायचं नाही. पुढचे प्रश्न विचारत राहायचं: कुठे उभा होतास, डबा कुठून आणलास, सकाळी भिंत पहिल्यांदा कोणी पाहिली असेल? शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला तर ती शांतता भरून काढू नका.

बाईंना विचारायचं की त्यांना त्याच्याकडून काय ऐकायचं आहे आणि ते नाही ऐकायला मिळालं तर चालेल का. माफी मिळेलच अशी हमी देऊ नका आणि माफ करायलाच हवं असंही सुचवू नका.

वडिलांची भेट सगळ्यात अवघड. अशा बैठका कित्येकदा वडिलांच्या "बोला, किती द्यायचे?" या वाक्यावर संपतात, कारण त्यानंतर मुलाला करायला काही उरत नाही. त्यांना आधीच स्पष्ट सांगायचं की त्यांची पाळी शेवटी आहे, त्यांनी स्वतःवर काय परिणाम झाला तेवढं सांगायचं, आणि पैसे मुलाच्या कमाईतून जातील.

बैठक साधारण दीड-दोन तास, माणसं आठ-दहा, मध्ये टेबल नाही. मुलगा आधी बोलतो: काय केलं, तेव्हा मनात काय होतं, कोणाला काय भोगावं लागलं असं वाटतं. मग बाई, मग त्यांची माणसं, मग मुलाची. यानंतर पुन्हा मुलाला विचारायचं, आता काही म्हणायचं आहे का. भरपाईचा विषय त्यानंतर, आणि त्यात पहिला शब्द बाईंचा. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा इथे पोलिसांनी अशा बैठका सुरू केल्या, हा ठरलेला क्रम तिथून पसरला. क्रम मोडला आणि आधी बाई तावातावाने बोलल्या, तर मुलगा बचावाला लागतो आणि "पण तुम्ही पण" सुरू होतं.

कोरी पाटी
क्रम ठीक आहे, पण ड्रमवरून तीन वर्षं चाललेल्या तक्रारींचं काय? मुलाच्या दृष्टीने तोही अन्याय असेल. आणि बाईंनाही रोज त्याच शेजाऱ्यांसमोरून जायचं आहे. "शेजारी आहोत, मोठ्या मनाने घ्या" हा दबाव कोणी तोंडाने आणला नाही तरी असतोच. न्यायालयात निदान त्यांना मोठं मन दाखवावं लागत नाही.

रिंगण
दबावाबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणून बाईंना एकटीला भेटून विचारायचं, आणि "नको" म्हणाल्या तर कारण न मागता थांबायचं.

ड्रमबद्दल माझं मत: त्या रात्रीचा विषय पूर्ण झाल्याशिवाय तो काढू नये. नाहीतर शिव्या म्हणजे तक्रारींना दिलेलं उत्तर ठरतं आणि हिशोब बरोबरीत सुटतो. नंतर मात्र काढायलाच हवा. वाजवायच्या वेळा ठरल्या नाहीत तर महिन्याभरात भांडण परत येईल. ही गोष्ट खटल्यात होणं कठीण, कारण तिथे प्रश्न फक्त त्या रात्रीचा असतो.

करारही असाच मोजता येईल असा हवा. "भिंत नीट करून देईन" हे वाक्य टिकत नाही. भिंत किती आहे?

पायरीवरची
६ मीटर लांब, दीड मीटर उंच. प्लास्टर खरबरीत आहे.

रिंगण
म्हणजे ९ चौरस मीटर. नुसता वरून रंग मारला तर स्प्रेची अक्षरं काही दिवसांत पुन्हा झिरपून दिसतील आणि बाईंना वाटेल, मुद्दाम केलं. म्हणून असं लिहा: मुलगा स्वतः भिंत घासून धुणार, पूर्ण वाळू देणार, डाग अडवणाऱ्या प्रायमरचा एक हात, त्यावर बाई निवडतील त्या रंगाचे दोन हात. दोन शनिवार, सकाळी ९ ते १. पाऊस आला तर पुढचा शनिवार. सामान मुलाच्या पैशांतून. दिव्यांची रक्कम पावतीप्रमाणे, चार हप्त्यांत. तपासणार कोण याचं नाव, आणि एखादा हप्ता चुकला तर कोणी कोणाला कळवायचं, हेही त्यात हवं. न्यायालयाने दिली असती त्याहून जड शिक्षा या कागदात शिरू देऊ नका. रागाच्या भरात "वर्षभर अंगण झाडेन" असं मुलं स्वतःच कबूल करतात आणि तिसऱ्या आठवड्यात करार मोडतो.

कागद लिहिला जात असताना सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं मोकळं सोडा, उठू द्या. पुष्कळदा खरी माफी तेव्हाच, उभ्याउभ्या मागितली जाते.

फिर्याद
कागदाची अट मान्य. माझं "प्रत्येक शब्द" मागे घेते. पण कॉन्फरन्समुळे मुलगा सुधारतो हा दावा कोणी करू नये.

रिंगण
तो मी केलेला नाही. कॅनबेरामध्ये १९९५ पासून प्रकरणं चिठ्ठी टाकल्यासारखी न्यायालयात आणि कॉन्फरन्समध्ये वाटून तुलना केली गेली. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कॉन्फरन्समध्ये माफी कितीतरी जास्त वेळा मिळाली. तरुणांच्या हिंसक गुन्ह्यांत पुढचे गुन्हे घटले, पण अल्पवयीनांच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत तशी घट दिसली नाही. आपलं प्रकरण या दुसऱ्याच्या जवळ जातं.

पायरीवरची
वेल राहिला. बाईंना सगळ्यात जास्त तेच लागलंय.

रिंगण
जे कबूल आहे तेवढ्यावरच कॉन्फरन्स घ्या. "वेल गेला, सकाळी बाहेर यावंसं वाटत नाही" असं बाई म्हणू शकतात, "तू कापलास" असं म्हणायचं नाही. हे त्यांना तयारीच्या भेटीतच सांगायचं आणि मान्य असेल तरच पुढे जायचं.

कोरी पाटी
मला हे पटत नाही. जे सर्वांत मोठं नुकसान, त्याच्याबद्दलच जपून बोलायला लावायचं आणि वर समेट झाला म्हणायचं? वेलाचा आरोप न्यायालयात जाऊ द्या. पुरेसा पुरावा नसेल तर तसं निदान कोणीतरी अधिकाराने सांगेल.

रिंगण
जाऊ द्यायला हरकत नाही, पण मग भिंतीबद्दल बोलतानाही वकील मुलाला गप्प बसवेल. एकाच रात्रीच्या दोन गोष्टी अशा वेगळ्या ठेवणं फार अवघड आहे. आणि त्याने खरंच वेल कापला नसेल, तर दबावाखाली काढलेली कबुली बाईंच्याही काही उपयोगाची नाही.

पायरीवरची
उद्या बाईंना एकटीला भेटते आणि हा पर्याय दोन्ही बाजूंनी समोर ठेवते. एकच विचारायचं होतं: मुलाची बारा वर्षांची बहीण "मला पण यायचंय" म्हणते. त्या रात्री ती जागी होती. तिला वर्तुळात घ्यावं का?

रिंगण
ती काय सांगणार आहे हे कळेपर्यंत नको. तिने वेलाबद्दल काही पाहिलं असेल तर ती साक्षीदार झाली, आणि भावासमोर साक्ष देण्याची जागा हे वर्तुळ नाही. बाईंना भेटण्याआधी हे चालवणाऱ्या माणसाच्या कानावर घाला.