मदत हवी आहे: नववीच्या गणिताची फाईल, तीन तुकड्यांच्या सरासरीत एवढी तफावत कशी?

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी. मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा परीक्षा विभाग माझ्या गळ्यात पडलाय. प्रथम सत्राचे नववीचे गुण तिन्ही तुकड्यांच्या वर्गशिक्षकांनी पाठवले, मी ते एका एक्सेल फाईलमध्ये खाली-खाली चिकटवले. एकूण १४२ ओळी. गणित लेखी ८० पैकी आहे. प्रत्येक तुकडीखाली AVERAGE लावलं तर हे आलं: अ ४६.०, ब ५७.४, क ३२.७.

मुख्याध्यापकांनी कागद बघितला आणि ब च्या सरांचं कौतुक सुरू झालं. क च्या मॅडमना सोमवारी बोलावलंय. मला मात्र पटत नाहीये. ब मधली मुलं मी शिकवते, ती काही एवढी पुढे नाहीत. फाईल खाली जोडतेय. आधी काय बघू?

आकडेमोड
ताई, सगळ्यात आधी ती फाईल धाग्यावरून काढा. त्यात मुलांची नावं आहेत, सरलचा क्रमांक आहे आणि शेवटच्या रकान्यात आधारही आहे. तुकडी, हजेरी क्रमांक आणि गुण एवढेच रकाने ठेवून परत चढवा. मग बोलू.

खडूची_धूळ
अरे देवा. काढली. नुसते गुण ठेवून परत टाकलीय. गणित G रकान्यात आहे.

आकडेमोड
बघितली. सरासरी तूर्त विसरा, आधी माणसं मोजू. पटावर किती मुलं आहेत? तुमच्या फाईलमध्ये अ च्या ४८, ब च्या ४७, क च्या ४७ ओळी आहेत. मग प्रत्येक तुकडीसाठी हे तीन आकडे काढा (ब च्या ओळी ५० ते ९६ आहेत):

```
=COUNTA(G50:G96)
=COUNT(G50:G96)
=MAX(G50:G96)
```

पहिला सांगतो किती खणांत काहीतरी लिहिलंय. दुसरा सांगतो त्यातले किती एक्सेलला आकडे म्हणून कळतात. ह्या दोघांतला फरक तुमच्या AB लिहिलेल्या गैरहजरांएवढाच यायला हवा. नाही आला तर तिथे गडबड आहे.

खडूची_धूळ
पटावर अ मध्ये ४७ च आहेत! म्हणजे एक ओळ जास्त. ब मध्ये COUNTA ४७, COUNT ३९, पण AB तिघेच. आणि MAX बघून मी कपाळाला हात लावला. ६०५.

घाटमाथा
६०५ दिसलं नाही का आधी? त्यासाठीच तर सरासरी अधिक-वजा तीन प्रमाण विचलन लावतात. बाहेर पडेल ते आउटलायर. सरळ हिशोब आहे, सगळ्या रकान्यांना लावून टाका.

आकडेमोड
घाटमाथा, ६०५ त्यात सापडेल हे खरं. पण पेपर ८० चा आहे, ८० च्या वरचा आकडा चूकच. त्याला प्रमाण विचलन कशाला हवं? शिवाय तो एक आकडा आत असताना ब चं प्रमाण विचलन ९० च्या आसपास जातं. मग खालची मर्यादा शून्याच्याही खाली उतरते आणि कमी गुणांची एकही चूक सापडत नाही. मोठी चूक लहान चुकांना पोटात घेते. आधी ८० च्या वरचे आणि शून्याच्या खालचे काढायचे, बाकीचं नंतर.

ताई, ब मधले पाच आकडे मजकूर होऊन बसलेत. तुमच्या शीटमध्ये सगळं मध्यभागी आणलंय म्हणून ते कळत नाही. नाहीतर आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे जातो. कुठूनतरी कॉपी केल्यामुळे त्यांच्यामागे न दिसणारी मोकळी जागा आलीय, TRIM ने ती जात नाही. शेजारच्या रकान्यात हे लावा:

```
=VALUE(SUBSTITUTE(G50,CHAR(160),""))
```

खडूची_धूळ
लावलं. ५२, ३८, ६१, ४४, ५७ असे पाच जण परत आले. ब च्या सरांनी गुण व्हॉट्सॲपवर पाठवले होते, मी तिथून उचलले होते. पण ६०५ चं काय करू? ६५ करू का?

आकडेमोड
नका करू. तुमच्याकडे अर्धा गुण देतात का? देत असतील तर ते ६०.५ असण्याचा संभव जास्त, टिंब राहून गेलं असेल. तुकडीच्या सरासरीला काही फरक पडत नाही: ६०.५ धरलं तर ४४.२, ६५ धरलं तर ४४.३. त्या मुलाला मात्र साडेचार गुणांचा फरक पडतो. उत्तरपत्रिका काढून बघा. तोवर खण पिवळा करून ठेवा.

म्हणजे ब ५७.४ वरून ४४ वर आली. कौतुक एका टिंबाचं होतं.

पाटीपेन्सिल
माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या क्लासमध्ये दर आठवड्याला चाचणी असते, कधी २० ची, कधी २५ ची. सगळ्याची सरासरी काढून पालकांना पाठवतो. पालक म्हणतात गुण कमी झाले. गुणपत्रिका छान छापायचं एखादं सॉफ्टवेअर सुचवाल का? रंगीत आलेख असेल तर उत्तम.

आकडेमोड
पाटीपेन्सिल, २० पैकी १८ आणि २५ पैकी १८ ह्यांची सरासरी काढलीत तर पालक बरोबरच म्हणतात. आधी दोन्ही शेकड्यात आणा. छपाईसाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचा सोमवार आहे.

खडूची_धूळ
अ मधली जास्तीची ओळ सापडली. हजेरी क्रमांक २३ दोनदा आहे, एकदा गणित ७ आणि एकदा ७०. बाकी विषय सारखेच, सगळे साठच्या वर. वर्गशिक्षकांना फोन केला. आधी ७ टाइप झालं होतं, त्यांनी नवी ओळ घातली आणि जुनी पुसायची राहिली. ७ ची ओळ काढल्यावर अ ४६.९ झाली.

आता अ ४६.९, ब ४४.२, आणि क तशीच ३२.७. क मध्ये पटावर ४७, ओळी ४७, COUNT ४७, MAX ७६. क ची फाईल तर सगळ्यात नीटनेटकी आहे. मग मॅडमची खरंच चूक का?

घाटमाथा
क मध्ये नऊ शून्यं आहेत. गैरहजर मुलांना शून्य दिलंय, उघड आहे. हे वापरा:

```
=AVERAGEIF(G97:G143,">0")
```

मी काढलं, ४०.५ येतं. झालं काम.

आकडेमोड
अर्धं झालं. ४७ मुलांच्या तुकडीत एकही AB नाही हीच पहिली खूण होती, COUNT पूर्ण आला म्हणून फाईल चांगली असं नसतं. पण नऊच्या नऊ गैरहजरच होते हे कशावरून? गणितात खरं शून्य मिळवणारी मुलं असतात. घाटमाथांचं सूत्र त्यांनाही पुसून टाकतं.

ताई, नववीला गणिताचे दोन भाग असतात, ४० चा बीजगणिताचा आणि ४० चा भूमितीचा. मॅडमनी तुम्हाला बेरीज पाठवलीय. ती बेरीज कशी केली होती? त्यांची मूळ फाईल मिळाली तर बघा.

खडूची_धूळ
मॅडमनी लगेच पाठवली. दोन्ही भाग वेगळे आहेत आणि गैरहजरांना AB च लिहिलंय! बेरजेच्या रकान्यात SUM आहे.

आकडेमोड
मग चोर सापडला. SUM मजकूर सोडून देतं. AB आणि AB ची बेरीज ते ० दाखवतं, कुरकुर न करता. तुम्ही ती बेरीज नुसते आकडे म्हणून चिकटवलीत, त्यामुळे AB मागेच राहिलं. मॅडमनी =D2+E2 लिहिलं असतं तर #VALUE! आलं असतं आणि तेव्हाच कळलं असतं. कुरूप दिसणारी त्रुटी कधीकधी बरी.

आता ह्याहून वाईट गोष्ट तपासा. एका पेपरला बसून दुसऱ्याला न आलेली मुलं आहेत का? त्यांची बेरीज शून्य येत नाही. १९, २२ अशी येते, आणि ती नापास मुलासारखी दिसते. ना MAX ते पकडत, ना आउटलायरचं कुठलं सूत्र.

खडूची_धूळ
चार जण! भाग दोनला AB आहेत, बेरीज १९, २२, १७ आणि २४. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी गावची जत्रा होती, तेव्हाचेच असणार. ह्यातल्या दोघांच्या पालकांना मी स्वतः नापास म्हणून चिठ्ठी दिलीय.

नऊ शून्यांपैकी सात जण दोन्हीकडे AB. एकाला दोन्ही भागांत खरंच ० लिहिलंय. एकाचे दोन्ही खण कोरे.

आकडेमोड
मग दोन्ही पेपर दिलेली ३४ मुलं आणि तो खऱ्या शून्याचा एक, असे ३५ धरा. सरासरी ४१.६ येते. कोऱ्या खणाचं फाईल बघून ठरणार नाही, हजेरीपट बघावा लागेल. चौघांना नापास म्हणू नका, त्यांचा एकच पेपर झालाय.

तुकड्या ४६.९, ४४.२ आणि ४१.६. तफावत आहे, पण ५७ आणि ३२ ची नाही. मात्र अ आणि ब मध्ये एकाच पेपरला बसलेल्यांचं काय केलंय? त्यांना सरळ AB दिलं असेल तर ठीक. तिथेही बेरीज SUM ने केली असेल तर हे आकडे अजून बदलतील.

निवृत्त_मास्तर
पस्तीस वर्षं गुण भरले, तेव्हा एक्सेल नव्हतं. बाईसाहेब, २८ गुण किती जणांना आहेत ते मोजा. तुमच्याकडे ८० पैकी २८ ला पास धरत असतील ना?

खडूची_धूळ
हो सर, २८ ला पास. मोजलं. तिन्ही तुकड्यांत मिळून २८ ला १४ जण, आणि २५, २६, २७ ला एकही नाही.

घाटमाथा
म्हणजे डेटा खोटा! सगळी फाईल फेकून द्या.

निवृत्त_मास्तर
खोटा कसा? २६ च्या पोराला दोन गुण वाढवून देणं ही चूक नव्हे. उत्तरपत्रिका परत चाळली की दोन गुण निघतातच.

आकडेमोड
मास्तर, वाढवलेल्या गुणांवर माझा आक्षेप नाही, ते दुरुस्त करायचेही नाहीत. पण त्या जागी परीक्षेचे गुण नसून तपासणाऱ्याचा निर्णय आहे एवढं लिहून ठेवायला हवं. कोण थोडक्यात वाचलं हे ह्या फाईलवरून आता कळणार नाही. जादा तास कुणाला लावायचे हे २५ ते २७ बघून ठरवत असाल तर तिथे कुणी सापडणारच नाही.

निवृत्त_मास्तर
जादा तास २८ वाल्या सगळ्यांनाच लावा. आम्ही तेच करायचो.

खडूची_धूळ
मुख्याध्यापकांना आत्ता फोन करून सांगितलं की सोमवारच्या आधी जुना कागद कुणाला दाखवू नका. ६०५ ची उत्तरपत्रिका ब च्या सरांकडे घरी आहे, ते उद्या बघून कळवतील. अ च्या वर्गशिक्षकांना बेरीज कशी केली ते विचारलंय, अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.